सत्तर फेऱ्यांपलीकडची तबकडी

नियंत्रण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांमध्ये सर्व्हो यंत्रणा शिकवण्यासाठी वापरलं जाणारं एक छोटेखानी यंत्र आहे, कॅनडातल्या क्वान्सर कंपनीचं एसआरव्ही०२. त्यात सहा व्होल्टची एक लहानशी मोटर आहे. मोटरला जोडलेला बंदिस्त गिअरबॉक्स वेग १४ पटींनी कमी करतो. त्याच्यापुढे उघड्यावर २४ दातांची पिनियन आणि तिच्यात अडकलेलं १२० दातांचं मोठं चाक दिसतं. हे चाक वेग आणखी ५ पटींनी उतरवतं. १४ गुणिले ५ म्हणजे ७०. मोटर सत्तर फेऱ्या मारते तेव्हा शेवटच्या शाफ्टवरची तबकडी एकदा फिरते.

या यंत्राचं गणिती प्रारूप मांडायला बसलं की पहिलीच अडचण येते. मोटर एका वेगाने फिरते, तबकडी दुसऱ्या. दोघींचं जडत्व वेगळं, दोन्हीकडचं घर्षण वेगळं. समीकरण मात्र एकच हवं. म्हणून तबकडीकडचं सगळं ओझं मोटरच्या शाफ्टवर आणून मोजतात. मोटरला गिअर दिसत नाहीत, तिला फक्त आपल्या शाफ्टवर येणारा विरोध जाणवतो. तो विरोध किती, एवढाच प्रश्न उरतो.

तबकडी ४० ग्रॅम वजनाची आणि ५ सेंटिमीटर त्रिज्येची आहे. तिचं जडत्व ५०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर भरतं. मोटरचा रोटर आणि त्याच्या मागचा वेगमापक मिळून जेमतेम ४.६. नुसते आकडे पाहिले तर तबकडी रोटरच्या शंभरपटीहून जड वाटते, आणि मोटरचा सगळा जोर तबकडी हलवण्यातच जात असेल असा कुणाचाही समज होईल.

प्रत्यक्षात उलट घडतं. मोटरने एखादा वेग गाठला तेव्हा तबकडीचा वेग त्याच्या सत्तराव्या हिश्श्याइतकाच असतो, म्हणजे तिला वेग द्यायला लागणारा टॉर्कही तेवढ्याच पटीने कमी. हा टॉर्क मोटरकडे येताना गिअरमुळे पुन्हा ७० ने भागला जातो. एकाच गुणोत्तराने दोनदा भागाकार होतो, म्हणून भाजक ७० चा वर्ग, म्हणजे ४९००. मोटरच्या शाफ्टवर तबकडीचे ५०० उरतात फक्त ०.१. रोटरच्या ४.६ पुढे हे सव्वादोन टक्के झाले. या यंत्राची मोटर बहुतांश वेळ स्वतःलाच ढकलत असते.

याच यंत्रात बाहेरची दोन चाकं बदलून ७२ आणि ७२ दातांची जोडी बसवता येते. मग एकूण गुणोत्तर उरतं १४, त्याचा वर्ग १९६. तबकडी तीच, मोटर तीच, पण आता मोटरला जाणवणारं तबकडीचं जडत्व सुमारे २.५५ होतं, रोटरच्या निम्म्याहून जास्त. आधी तबकडी काढली काय नि ठेवली काय, मोटरच्या प्रतिसादात फरक शोधावा लागत होता. आता तो आलेखावर सरळ दिसतो. गुणोत्तर पाचपट उतरलं आणि ओझं पंचवीसपट वाढलं.

गिअरमध्ये होणारी तूटही हिशेबात धरावी लागते. या गिअरबॉक्सची कार्यक्षमता ०.९ धरतात, त्यामुळे मोटर तबकडीला ढकलत असताना मोटरच्या बाजूचं एकूण जडत्व असं लिहितात:

J = J_m + J_L / (η · N²)

इथे J_m रोटरचं जडत्व, J_L तबकडीचं, N गुणोत्तर आणि η कार्यक्षमता. मात्र हे सूत्र एकाच दिशेचं आहे. मोटर थांबू लागली आणि फिरती तबकडीच तिला पुढे रेटू लागली, की तूट तबकडीच्या वाट्याला येते आणि η भाजकातून अंशात जातो. ०.९ साठी हा फरक लहान असल्याने बहुतेक जण एकच सूत्र दोन्हीकडे वापरतात. कार्यक्षमता खूपच कमी असलेल्या वर्म गिअरला मात्र ही मोकळीक चालत नाही. तिथे वेग वाढवताना जुळणारं प्रारूप वेग कमी करताना चुकतं.

घर्षणाकडे वळलं की खरी काळजी घ्यावी लागते, कारण घर्षण एकाच जातीचं नसतं. वंगणामुळे येणारा विरोध वेगासोबत वाढतो. तो जडत्वासारखाच वागतो आणि मोटरकडे येताना ४९०० ने भागला जातो. शुष्क घर्षण वेगळं आहे. दोन पृष्ठभाग घासताना येणारा हा विरोध वेग कितीही असो, जवळपास तेवढाच राहतो. तबकडीचा वेग कमी आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही. गिअरमुळे टॉर्क जेवढा भागला जातो तेवढाच, म्हणजे ७० नेच, तो कमी होतो. घाईत सगळ्या घर्षणाला वर्गाने भागलं तर शुष्क घर्षण सत्तरपट कमी मोजलं जातं.

समजा तबकडीकडच्या बेअरिंगांमध्ये ०.०७ न्यूटन-मीटर शुष्क घर्षण आहे. मोटरच्या शाफ्टवर, गिअरची तूट धरून, ते ०.००११ होतं. ही मोटर एका अँपिअरला ०.००७६८ न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे नुसतं हे घर्षण पेलायला साधारण ०.१४ अँपिअर हवेत. मोटरचा रोध २.६ ओहम आहे. मोटरच्या स्वतःच्या घर्षणाचा वाटा सोडला तरी, ०.३८ व्होल्टच्या आत कितीही आदेश दिला तरी तबकडी जागची हलणार नाही. वर्गाने भागलेल्या प्रारूपात तीच तबकडी ०.००५ व्होल्टला फिरू लागते.

उलट दिशेने पाहिलं तर गिअर मेहेरबान नाही. वीज बंद करून तबकडी बोटाने फिरवली तर ती अनपेक्षित घट्ट लागते. मोटरच्या ब्रशांमध्ये ०.००१ न्यूटन-मीटर इतकंसं घर्षण असलं तरी तबकडीवर ते सत्तरपट होऊन येतं, आणि कडेला दीडशे ग्रॅमच्या आसपास दाब द्यावा लागतो. रोटरचं जडत्वही इथून पाहिल्यावर ४९०० पट, म्हणजे सुमारे २२,५०० होतं, तबकडीच्या पंचेचाळीसपट. बोटाला जाणवणारा हा जडपणा जवळपास सगळा मोटरचा असतो.

हे आकडे कागदावरून घेऊन चालत नाही, कारण बेअरिंग घट्ट बसवलेलं असेल किंवा ग्रीस थंडीत आटलेलं असेल तर घर्षण बदलतं. मोजायची पद्धत सोपी आहे. मोटर वेगवेगळ्या स्थिर वेगांनी फिरवायची आणि प्रत्येक वेळी करंट टिपायचा. वेग स्थिर असल्याने जडत्वाचा प्रश्न उरत नाही, सगळा करंट घर्षणालाच जातो. वेग आणि करंट आलेखावर मांडले की बिंदू साधारण एका रेषेत येतात. रेषेचा चढ म्हणजे वेगासोबत वाढणारं घर्षण. शून्य वेगाकडे वाढवल्यावर ती अक्षाला जिथे छेदते, तेवढं शुष्क घर्षण. दोन्ही आपोआप मोटरच्या शाफ्टवरच मोजली गेलेली असतात, ७० ने भागायचं की ४९०० ने हा प्रश्नच येत नाही.

या सरळ प्रारूपातून ७० गुणोत्तराच्या एसआरव्ही०२ ला सुमारे २५ मिलिसेकंदांचा कालस्थिरांक मिळतो, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर तेवढ्या वेळात तबकडी अंतिम वेगाचा ६३ टक्के भाग गाठते. मोठ्या आदेशांना हे गणित छान जुळतं, कारण तिथे मोटरचा स्वतःचा विरोधी व्होल्टेज घर्षणापेक्षा कितीतरी जास्त रोखतो. पण तबकडीला सावकाश पुढे-मागे डोलवायला सांगितलं की आलेखात दिशा बदलायच्या क्षणी एक सपाट पायरी दिसते. प्रारूपातली रेषा तिथून वळून पुढे गेलेली असते, आणि खरी तबकडी शुष्क घर्षण मोडेपर्यंत जागेवर अडून राहते.