लघवीच्या रिपोर्टमधले ‘एक लाख’

लघवीच्या कल्चर रिपोर्टवर ‘एक लाख’ हा आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेत बारीक तारेच्या कडीने मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी थाळीवर पसरतात. रात्रभरात एकेका जंतूचा एकेक ठिपका होतो. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला एक लाख जंतू. ते एकाच जातीचे असतील तर बहुधा मूत्राशयातले. तीन-चार जातींची सरमिसळ आणि सोबत त्वचेच्या पेशी दिसल्या, तर नमुना बाहेरून दूषित झालेला.

पण मे महिन्यात औंढ्याहून हिंगोलीला निघालेली बाटली उन्हात रखडली, तर हजाराचे काही तासांत लाख होतात! तेव्हा सुरुवातीची धार सोडून मधली घ्या आणि दोन तासांत पोहोचवा; जमत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा.