जिवंत माणसासाठी येणारं रडू

आई किंवा वडील असाध्य आजाराने अंथरुणाला खिळले की घरातल्यांचं दुःख मृत्यूच्या आधीच सुरू होतं. भाजी चिरताना मुलीच्या मनात अचानक विचार येतो, पुढच्या ईदला अब्बा नसतील. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटते. अब्बा तर समोर बसलेत आणि आपण आत्ताच रडतोय, ही अल्लाहच्या रहमतीबद्दल नाउमेदी तर नाही? ती डोळे पुसते आणि कुणाला काही सांगत नाही.

पवित्र कुरआनात हजरत याकूब (अ.) यांचा किस्सा आहे. हजरत यूसुफ (अ.) तेव्हा हयात होते, तरीही त्यांच्या विरहात पित्याचे डोळे रडून रडून पांढरे झाले. या दुःखाला कुरआनने बेसब्री म्हटलेलं नाही. आपलं दुःख आपण अल्लाहपुढेच मांडतो, असं याकूब (अ.) म्हणाले आणि त्यांनी आशाही सोडली नाही. म्हणजे रडू आणि उमेद एकाच मनात राहू शकतात.

मात्र आपल्या घरांत या दुःखाला कुलूप लावलं जातं. असं एक घर डोळ्यांसमोर आणा. अब्बांचा कॅन्सर यकृतापर्यंत पोहोचलाय. आता वेदना कमी ठेवणं एवढंच हाती आहे, असं डॉक्टरांनी थोरल्या मुलाला बाहेर बोलावून सांगितलं. मुलाने घरी सांगितलं, ‘पोटात अल्सर आहे.’ अम्मीला संशय आहे, पण ती विचारत नाही. कुवेतमधल्या धाकट्याला ‘अब्बा बरे आहेत’ असं कळवलं जातं, म्हणून तो रजा पुढे ढकलतो. अब्बांना मात्र कपडे सैल झालेले दिसतात. आपण खोलीत आलो की कुजबुज थांबते, हेही कळतं. मुलांना त्रास नको म्हणून तेही गप्प राहतात. सगळेच एकमेकांना जपतात आणि सगळेच एकटे पडतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरात असं झालं नाही. अखेरच्या आजारात त्यांनी लेक हजरत फातिमा (रजि.) यांना जवळ बोलावून कानात काही सांगितलं. त्या रडल्या. पुन्हा काही सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. पुढे त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांना उलगडून सांगितलं की, या आजारातच आपण जाणार, हे पहिलं वाक्य होतं; आणि घरच्यांपैकी तू सर्वांत आधी मला येऊन भेटशील, हे दुसरं. प्रेषितांनी (स.) लेकीपासून सत्य लपवलं नाही. तिचं रडणं त्यांनी होऊ दिलं, मग धीर दिला.

बोलणं कसं काढावं? बातमी सांगून नव्हे, विचारून. आपल्या उदाहरणातल्या लेकीने एका संध्याकाळी पाय चेपताना विचारलं, ‘अब्बा, तुम्हाला काय वाटतं तुमच्या तब्येतीबद्दल?’ आणि ती गप्प बसली. ही शांतता महत्त्वाची असते. ‘काही होणार नाही तुम्हाला’ म्हटलं की दार बंद होतं. अब्बा थोड्या वेळाने म्हणाले, ‘बेटा, आता थोडेच दिवस आहेत, मला ठाऊक आहे.’ त्यांनी विषय बदलला असता, तर तिने तिथेच थांबायला हवं होतं. काहींना जाणून घ्यायचं नसतं. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये.

मग गोष्टी बाहेर आल्या. दुकानदाराचे चाळीस हजार द्यायचे होते. शेजारणीच्या बांगड्या अमानत म्हणून कपाटात होत्या. गेल्या रमजानचे अकरा रोजे सुटले होते. बरं होण्याची आशा नसलेल्या आजाऱ्याने दर रोजामागे एका गरिबाच्या जेवणाचा फिदया द्यायचा असतो. नेमकं माप आपल्या मसलकीच्या आलिमांना विचारावं. अनाथ भाच्याच्या शिक्षणासाठीही त्यांना काही ठेवायचं होतं. वसीयत कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते आणि वारसाच्या नावे करता येत नाही. अब्बांना मुलगे असल्याने भाचा वारस नव्हता, म्हणून हे शक्य झालं. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगं काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्री घालवू नयेत, अशी हदीस आहे. अब्बा शुद्धीत असतानाच हे होऊ शकतं. वेदना वाढल्या, गुंगी आली की हिशेब सांगायला कुणी उरत नाही.

त्या रात्री धाकट्याला खरं कळवलं गेलं आणि त्याने तिकीट काढलं. अम्मी अब्बांजवळ बसून मोकळेपणाने रडली. अब्बांनी तिची माफी मागितली, तिने त्यांची.

आजार यामुळे हटला नाही, दुःखही कमी झालं नाही. फक्त आता प्रत्येकजण न्हाणीघरात नळ सोडून एकट्याने रडत नव्हता. आपल्या घरात असा आजारी असेल, तर एखाद्या शांत वेळी जवळ बसा, एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना आसानी देवो. आमीन.