परत आलात, पण कोणत्या कायद्याने?

अमेरिकेतून परतणाऱ्या कुटुंबाची धांदल बहुतेक सारखीच असते: मुलांची शाळा, कंटेनर, भाड्याचा फ्लॅट, आधार कार्डावरचा पत्ता. पैशांचं ‘मग बघू’ या खात्यात जातं. खरं तर पैशांच्या बाबतीत तुम्ही एकदा नाही, दोनदा परत येता. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, कायमचं राहायला आलेल्या माणसाला आल्या दिवसापासून रहिवासी मानतो. आयकर कायद्याला मात्र तुम्ही पूर्ण परतलात हे मान्य करायला दोन, कधी तीन वर्षं लागतात. या दोन तारखांमधला काळ नीट वापरला तर बराच कर वाचतो. त्याबद्दल गाफील राहिलं, तर नोटीस येऊ शकते.

उदाहरणादाखल एक जोडपं धरू. २०१२ मध्ये पुण्याहून न्यू जर्सीला गेलेलं, दोघंही नोकरदार, दोघंही एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत कंटाळलेलं. मुलीची तिथली शाळा संपल्यावर २५ जून २०२४ ला दोघं कायमचे कोथरूडला आले. पुण्याच्या बँकेत त्यांची तीस लाखांची एनआरई मुदत ठेव होती, व्याज सात टक्के. एनआरईचं व्याज करमुक्त, हे त्यांना बारा वर्षं पाठ होतं.

पहिला गोंधळ इथेच होतो. ही करमाफी फेमाच्या दृष्टीने परदेशात राहणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे २५ जूनपासून ती संपली. परतल्यावर बँकेला लगेच कळवून ते खातं साधं निवासी खातं करून घ्यायचं, किंवा पैसे आरएफसी खात्यात वळवायचे, असा नियम आहे. आरएफसी म्हणजे परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं खातं. पण बँकेला सांगितलं नाही तर तिला कळणार कसं? ती आपली एनआरई समजून टीडीएस न कापता वर्षाला दोन लाख दहा हजार व्याज जमा करत राहते आणि खातेदार ते करमुक्त समजून विवरणपत्रात दाखवतच नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर दर वर्षी ६३ हजार रुपयांचा कर, वर उपकर, असा साचत जातो.

परकीय चलनातल्या एफसीएनआर ठेवीचं मात्र निराळं आहे. ती मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते, आणि आयकराच्या दृष्टीने तुम्ही अजून ‘अर्धे परतलेले’ असाल तोवर तिचं व्याज करमुक्त राहतं. आरएफसीच्या व्याजालाही तीच सवलत आहे. म्हणून परतायचं पक्कं झालं की काही डॉलर तिकडूनच लांब मुदतीच्या एफसीएनआरमध्ये टाकणं मला शहाणपणाचं वाटतं.

या अर्ध्या परतलेल्या स्थितीला करसल्लागार ‘आरएनओआर’ म्हणतात. त्या काळात भारतातल्या उत्पन्नावर कर लागतो, परदेशातल्या गुंतवणुकीवरच्या उत्पन्नावर नाही, आणि परदेशी मालमत्तेची यादीही द्यावी लागत नाही. ही स्थिती दोनपैकी एका कसोटीवर मिळते: मागच्या दहा आर्थिक वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल.

आपल्या जोडप्याला २०२४-२५ आणि २०२५-२६ ही दोन वर्षं पहिल्या कसोटीवर मिळाली. तिसऱ्या वर्षासाठी, म्हणजे २०२६-२७ साठी, दिवस मोजायची वेळ आली. २५ जून २०२४ ते ३१ मार्च २०२५ हे २८० दिवस, पुढचं वर्ष ३६५, मिळून ६४५. उरले ८४. आता पासपोर्टवरचे शिक्के बघायचे. त्याआधीच्या पाच आर्थिक वर्षांत, कोरोनाचं वर्ष सोडून, नवरा चार वेळा वीस-वीस दिवस आला होता, म्हणजे ८० दिवस. बेरीज ७२५, त्यामुळे तो आणखी एक वर्ष आरएनओआर. बायकोनेही त्याच चार सहली केल्या, शिवाय आईच्या शस्त्रक्रियेसाठी ती दोन महिने सोलापूरला राहिली होती. तिची बेरीज ७८५ झाली. एकाच घरात, एकाच दिवशी विमानातून उतरलेल्या दोघांची करस्थिती १ एप्रिल २०२६ पासून वेगळी. (येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरूनच मोजावं, काठावर असाल तर वाद ओढवून घेऊ नये.)

याचा उपयोग शेअर विकताना होतो. समजा बायकोकडे तिच्या कंपनीने दिलेले शेअर आहेत: मूळ किंमत ४० हजार डॉलर, आजची एक लाख. अमेरिकेत अनिवासी ठरलेल्या परदेशी माणसाच्या शेअरवरच्या नफ्यावर अमेरिका सहसा कर घेत नाही, आणि भारत आरएनओआरकडून घेत नाही. सोडून आल्याच्या वर्षी अमेरिकेतली स्थिती अर्धी-अर्धी असते, म्हणून जानेवारी २०२५ नंतर, ब्रोकरकडे अनिवासी असल्याचा डब्ल्यू-८बेन फॉर्म देऊन, मार्च २०२६ च्या आत विकले तर साठ हजारांच्या नफ्यावर दोन्हीकडे शून्य कर. पैसे आधी अमेरिकेतल्या खात्यात जमा व्हायला हवेत, मग इकडे आणावेत; थेट भारतात घेतले तर करपात्र ठरतात. एप्रिल २०२६ मध्ये विकले असते तर दोन वर्षांहून जुन्या शेअरवर साडेबारा टक्के, म्हणजे साडेसात हजार डॉलर. शेअर आवडीचे असतील तर विकून पुन्हा घ्यावेत, म्हणजे मूळ किंमत वाढते. मात्र अमेरिकी शेअर जन्मभर धरून ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: अनिवासी माणूस वारला, तर तिथली साठ हजार डॉलरवरची मालमत्ता अमेरिकी वारसा कराच्या कक्षेत येते.

हे सगळं व्हिसावाल्यांसाठी. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाले कुठेही राहिले तरी अमेरिकेला कर देतात, आणि भारतीय म्युच्युअल फंड त्यांच्या हिशेबात फार तापदायक. तिकडे जन्मलेल्या नातीच्या नावाने आजोबा कौतुकाने एसआयपी सुरू करतात, तेव्हा हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

निवृत्तीचं ४०१(के) खातं घाईने मोडू नये. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलं तर करावर दहा टक्के दंड. तिथेच राहू दिलं तर पूर्ण रहिवासी झाल्यावर त्यातल्या वाढीवर भारत दर वर्षी कर मागू शकतो. तो पैसे काढेपर्यंत पुढे ढकलायचा फॉर्म आहे, पण एकदा भरला की मागे घेता येत नाही. निघण्याआधी तिथला मोबाइल नंबर जिवंत ठेवायची सोय मात्र जरूर करावी. खातं उघडायला ओटीपी लागतो आणि तो त्या नंबरवरच येतो.

बायकोची पुढची पायरी म्हणजे परदेशी मालमत्तेची यादी. ती न दिल्यास दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे. ही यादी आर्थिक वर्षाची नसते, कॅलेंडर वर्षाची असते. २०२६-२७ च्या विवरणपत्रात तिला १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२६ मधलं सगळं दाखवावं लागेल. फेब्रुवारी २०२६ मध्ये बंद केलेलं, दोनशे डॉलर शिल्लक असलेलं जुनं बचत खातंसुद्धा त्या यादीत येतं. डिसेंबर २०२५ मध्ये बंद केलं असतं तर आलं नसतं.