भोक पडलेल्या चकतीचा तोल

जाड पुठ्ठ्याची दहा सेंटिमीटर त्रिज्येची गोल चकती कापली, तर तिचा तोल बरोबर मध्यावर साधतो. आता तिच्यात पाच सेंटिमीटर त्रिज्येचे गोल भोक पाडू. भोकाचे केंद्र चकतीच्या केंद्रापासून उजवीकडे साडेचार सेंटिमीटरवर आहे. उरलेल्या तुकड्याचा गुरुत्वमध्य कुठे असेल?

या वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे पाडून हिशेब करणे किचकट आहे. त्यापेक्षा भोक म्हणजे ऋण क्षेत्रफळाची चकती असे मानावे. अख्खी चकती म्हणजे भोकाची चकती अधिक उरलेला तुकडा. म्हणून अख्ख्या चकतीतून भोकाची चकती वजा केली की उरलेला तुकडा मिळतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे अख्खी चकती ४ भाग, भोक १ भाग आणि उरलेला पुठ्ठा ३ भाग.

आता प्रत्येक क्षेत्रफळाला केंद्रापासूनच्या अंतराने गुणू. अख्ख्या चकतीचा गुणाकार शून्य, कारण तिचा गुरुत्वमध्य केंद्रावरच आहे. भोकाचा गुणाकार उणे १ गुणिले ४.५, म्हणजे उणे ४.५. याला उरलेल्या ३ भागांनी भागले की उणे १.५ येते. म्हणजे गुरुत्वमध्य भोकाच्या विरुद्ध बाजूला, डावीकडे दीड सेंटिमीटर सरकला.

विद्यार्थी इथे हमखास ३ ऐवजी ४ ने भागतात आणि उत्तर सुमारे १.१ सेंटिमीटर येते. पण तोलायचा आहे तो उरलेला पुठ्ठा, म्हणून भागायचे त्याच्याच क्षेत्रफळाने. उत्तर भोकाच्या बाजूला आले, तर चिन्हाची चूक झाली असे समजावे.

पडताळा घरी घेता येतो. काठाजवळ टाचणी टोचून तुकडा मोकळा लोंबू द्या, टाचणीला ओळंबा बांधा आणि दोऱ्याच्या बाजूने रेघ मारा. दुसऱ्या जागेवरून टांगून पुन्हा तसेच करा. दोन रेघा जिथे छेदतात, तिथे गुरुत्वमध्य.

भोक केंद्राच्या जवळ आणले, तर गंमत होते. त्याचे केंद्र तीन सेंटिमीटरवर असेल, तर गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर डावीकडे येतो. पण भोकच डावीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत पसरलेले असते. म्हणजे गुरुत्वमध्य पोकळीत पडतो आणि बोटाच्या एका टोकावर तो तुकडा आडवा तोलताच येत नाही.

क्षेत्रफळाने वजनाचे काम भागते, ते पुठ्ठा सगळीकडे सारख्या जाडीचा आणि एकाच मालाचा असेल तोवरच. एका बाजूला पुठ्ठा जाड असेल, तर क्षेत्रफळ सोडून प्रत्यक्ष वस्तुमान वजा करावे. बाकी रीत तीच.