धुराचा पत्ता

फेब्रुवारी उजाडला की थळच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडं बघताना डोंगरात कुठं ना कुठं धूर दिसतोच. बरेचदा तो भाताच्या खाचरात राब भाजल्याचा असतो आणि तासाभरात विरून जातो. पण धूर उतारावर चढताना दिसला आणि रंग पांढऱ्याचा पिवळट-करडा व्हायला लागला, की तो वणवा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी "तिकडं डोंगरात काहीतरी पेटलंय" एवढं सांगून वनरक्षकाला काही कळत नाही. कनकेश्वरापासून सागरगडापर्यंत डोंगरच डोंगर आहेत. त्याला नेमकं ठिकाण लागतं.

एका जागेवरून धुराची फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. समोर पसरलेली रानं आणि टेकड्या यांत चार किलोमीटरवरचा धूर कोणता आणि नऊवरचा कोणता हे डोळा ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून दुसरा माणूस दुसऱ्या जागी उभा करायचा. आम्ही हे थळ आणि अलिबाग या दोन टोकांवरून करतो. मी थळला, मित्र अलिबागच्या किनाऱ्यावर. दोघांत सरळ अंतर साधारण पाच किलोमीटर, आणि थळ अलिबागच्या जवळपास थेट उत्तरेला. दोघांच्या हातात आरशाचं होकायंत्र, कानाला फोन.

थळला पहिली अडचण माड आणि सुरूची. पुळणीवर उभं राहिलं तर डोंगर झाडांआड जातो. ओहोटीला ओल्या वाळूत मागं जावं लागतं, मग झाडांच्या वर डोंगराची धार उघडी होते. मागं सरकल्यावर आपली जागा फोनवरच्या जीपीएसवरून पुन्हा टिपायची. स्वतःची जागा पन्नास मीटर चुकली तर उत्तरही साधारण तेवढंच चुकतं, त्याची फार चिंता नाही. चिंता कोनाची.

धुराकडं वळण्याआधी मी पाठ फिरवून समुद्राकडं बघतो. समोर खांदेरीचं दीपगृह आहे, १८६७ सालचं, आणि नकाशावर त्याची जागा पक्की आहे. माझ्या जागेवरून त्या दीपगृहाचा कोन नकाशावर मोजायचा, मग होकायंत्राने मोजायचा आणि दोन्हींतला फरक बघायचा. त्या दिवशी होकायंत्र दोन अंश जास्त दाखवत होतं. मोटारसायकल दूर लावलेली होती, फोन मित्राशी बोलून झाल्यावर वाळूवर लांब ठेवला, पट्ट्याचं बक्कल तपासलं. फरक तसाच राहिला. याचा अर्थ फरक यंत्राचाच आहे, सगळ्या दिशांना सारखाच येणार, सरळ वजा करता येईल. जवळच्या लोखंडामुळं आलेला फरक असा वजा करता येत नाही, कारण तो पावलागणिक बदलतो. तिथं जागाच सोडावी लागते. कुलाबा किल्ल्याच्या तटावरून डोंगर छान दिसतो, पण तिथल्या चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या लोखंडी तोफांजवळ होकायंत्र उघडण्यात अर्थ नाही. काळ्या बेसाल्टच्या खडकावर यंत्र टेकवणंही टाळावं, त्या दगडात चुंबकीय खनिज असतं. छातीशी धरून मोजलेलं बरं.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जगात काही ठिकाणी दहा-पंधरा अंशांचा असतो. आपल्या किनाऱ्यावर तो एका अंशाहूनही कमी आहे, हे नशीब. गंमत म्हणजे हा फरक मोजणारी वेधशाळा अलिबागमध्येच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतले सूक्ष्म चुंबकीय वेध बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ साली ते काम अलिबागला आलं.

मग धूर. कोन धुराच्या बुंध्यावर धरायचा, वर पसरलेल्या पट्ट्यावर नाही. दुपारी समुद्रावरचा वारा जोर धरतो आणि धूर आत, पूर्वेकडं वाकवतो. शेंड्यावर नेम धरला तर दोघंही वेगवेगळ्या जागेकडं बघत बसतात. बुंधा डोंगरकड्याआड असेल तर वारा पडायची वाट बघावी किंवा तसं स्पष्ट सांगून टाकावं.

माझं वाचन १०६ अंश, दोन वजा जाता १०४. मित्राचं दीपगृह नकाशाशी जुळलं होतं, त्यामुळं त्याचे ६२ अंश तसेच. आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा पसरला, म्हणजे एक किलोमीटर दोन सेंटिमीटरचा. आमच्या दोन जागांमध्ये दहा सेंटिमीटर. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने कोनमापक फिरवून थळमधून १०४ची रेघ काढली, अलिबागमधून ६२ची. त्या माझ्यापासून सव्वातेरा सेंटिमीटरवर छेदल्या, म्हणजे ६.६ किलोमीटरवर, मित्रापासून सव्वासात किलोमीटर. छेद कार्लेखिंडीच्या आसपासच्या डोंगरात पडला. धूर उतारावर दिसत होता आणि छेदही समोच्च रेषा दाटलेल्या भागात आला, म्हणजे निदान हिशेब वेडावाकडा नव्हता.

हातातल्या होकायंत्राचं वाचन दोन अंश इकडं-तिकडं होऊ शकतं हे धरून चालावं. एका अंशाने माझी रेघ तिथपर्यंत पोचताना सव्वाशे मीटरपर्यंत सरकते, आणि रेघा ४२ अंशांत छेदत असल्यानं छेदबिंदू मित्राच्या रेघेवर १७० मीटर सरकतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंश धरले तर बिंदूचा चौकोन होतो, तिरका, लांबट, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सव्वा किलोमीटरहून मोठा. नकाशावर बारीक पेन्सिलीनं टिंब केलं म्हणून जागा बारीक होत नाही.

हा चौकोन लहान-मोठा कशानं होतो? रेघा काटकोनाच्या जवळ छेदल्या तर लहान. कोणी म्हणेल, खांदेरीवरून का नाही बघत, तिथं उंची आहे, अडथळा नाही. पण खांदेरी थळच्या जवळपास पश्चिमेला आहे आणि हे डोंगर पूर्वेला. खांदेरी, थळ आणि धूर एका ओळीत येतात. दोन्हींकडच्या रेघा चार-पाच अंशांच्या आत एकमेकींना चिकटून चालतात, आणि अंशभराच्या चुकीनं छेद काही किलोमीटर पुढं-मागं पळतो. आपल्या दोन जागांना जोडणारी रेघ धुराकडं जाता कामा नये, धुराला आडवी पडली पाहिजे; म्हणून किनाऱ्यावरची उत्तर-दक्षिण जोडीच कामाची.

यापेक्षाही वाईट चूक म्हणजे दोघांनी दोन वेगळे धूर बघणं. राबाच्या दिवसांत हे सहज होतं. रेघा तरीही कुठंतरी छेदतातच, आणि तो छेद खऱ्यासारखाच दिसतो. म्हणून मिनिट एकच ठेवायचं, फोनवर "आता खालचा भाग काळा झाला, आता डावीकडं सरकला" असं बोलून धूर ओळखून घ्यायचा, आणि जमलं तर किहीमवरून तिसरा कोन घ्यायचा. तिसरी रेघ पहिल्या दोघींच्या छेदापासून दोन-तीनशे मीटरवरून गेली तर ठीक. ती दीड-दोन किलोमीटर लांबून गेली, तर कोणाचातरी धूर दुसरा आहे.

हल्ली उपग्रहही वणवे टिपतात आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था वन विभागाला इशारे पाठवते. त्यांतल्या एका जातीच्या उपग्रह-उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा असतो, म्हणजे आमच्या चौकोनापेक्षा बारीक. पण तो उपग्रह इथून दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. चार वाजता लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसणार.

त्यामुळं १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन लावताना आम्ही टिंब सांगत नाही. कोणत्या डोंगराची कोणती उतरण, जवळचं गाव कुठलं, धूर वर चढतोय की आडवा, आणि जागा अर्धा-पाऊण किलोमीटर इकडं-तिकडं असू शकते, एवढं सांगतो. पलीकडचा माणूस त्यावरून कोणत्या वाटेनं गाडी न्यायची ते ठरवतो.