जवस पुरेल, पण कुठवर?

सातारा-सांगलीकडच्या घरांत भाकरीसोबत जवसाची चटणी असते आणि कारळ्याचीही. ओमेगा-३ मिळते ते जवसातून. कारळ्यात मुख्यतः ओमेगा-६ असते. चमचाभर, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, जवसाच्या कुटात दीड ग्रॅमच्या आसपास एएलए हे ओमेगा-३ असते. स्त्रीची रोजची गरज १.१ ग्रॅम, पुरुषाची १.६, म्हणजे चमचाभर चटणीत ती जवळजवळ भागते. मूठभर अक्रोडही ती भागवतात, पण महाग पडतात. जवस मात्र कुटलेलाच हवा. अख्खा दाणा बराचसा न पचता बाहेर पडतो. कूट आठवड्यापुरताच करावा, कारण त्यातले तेल लवकर खवट होते. रंगासारखा वास आला की टाकून द्यावा.

मग माशाच्या तेलाची कॅप्सूल कशाला, असे कुणी विचारेल. कारण मेंदू आणि डोळ्यांना लागणारे डीएचए जवसात नसतेच. शरीर ते एएलएपासून बनवते, पण फारच थोडे, बहुधा शंभरात एक भागही नाही. चटणी दुप्पट खाऊन ही तूट भरत नाही. माशाच्या साध्या १००० मिलिग्रॅम कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून ३०० मिलिग्रॅम असतात. पण मासाही ते मुळात शैवालातूनच मिळवतो. म्हणून शैवालतेल हा शाकाहाऱ्यांसाठी खरा पर्याय आहे. घेताना कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे नाही ना आणि डीएचए नेमके किती, एवढे वाचावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी स्त्रियांनी डॉक्टरांना विचारून रोज २०० मिलिग्रॅम डीएचए घ्यावे; इतरांची एएलएची गरज जवसाची चटणी भागवते.