फलकावरचे टक्के, पासबुकातले रुपये

बँकेच्या दारात एक फलक लावलेला असतो: ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी विशेष ठेव, परतावा ८.३० टक्के.’ चार दुकानं सोडून पोस्ट ऑफिस. तिथल्या भिंतीवर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर चिकटवलेला: ८.२ टक्के. नुकतीच ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड हातात आलेला माणूस दोन्ही आकडे वाचतो आणि बँकेत शिरतो. ८.३० हे ८.२ पेक्षा मोठंच, त्यात विचारायचं काय?

विचारायचं एवढंच, की फलकावरचा आकडा व्याजदराचा आहे की परताव्याचा. या दोन शब्दांतल्या फरकापायी पाच वर्षांत हजारो रुपये हातचे जाऊ शकतात आणि जाताना ते दिसतही नाहीत.

त्या फलकाच्या तळाशी, बारीक अक्षरात, खरा व्याजदर लिहिलेला असतो. समजा तो ७ टक्के आहे. त्यात ज्येष्ठांना मिळणारा अर्धा टक्का आधीच मिळवलेला. व्याज दर तिमाहीला मुद्दलात जमा होतं आणि पाच वर्षांनी एकदम हातात पडतं. एक लाखाचे पाच वर्षांनी १,४१,४७८ रुपये होतात. म्हणजे व्याज झालं ४१,४७८. या आकड्याला सरळ पाचाने भागलं, की वर्षाला ८,२९६ रुपये येतात. ते झाले ८.३० टक्के ‘परतावा’. हिशेब खोटा नाही. पण चक्रवाढीने वाढलेली रक्कम घ्यायची आणि सरळव्याजासारखी वर्षांवर वाटायची, ही मोजण्याची पद्धत आहे. मुदत जितकी लांब, तितका हा आकडा फुगतो. दहा वर्षांची ठेव दाखवली, तर याच ७ टक्क्यांचे १० टक्के करून दाखवता येतात.

पोस्टाचे ८.२ टक्के मात्र नुसता व्याजदर आहे. त्या योजनेत व्याज साठत नाही, दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. म्हणजे एका बाजूला साठवलेल्या व्याजाचा फुगवलेला आकडा आणि दुसऱ्या बाजूला वाटून दिलेल्या व्याजाचा साधा आकडा, अशी ही तुलना होते. तराजूच्या एका पारड्यात ओले कपडे आणि दुसऱ्यात वाळलेले ठेवण्यासारखीच.

आता पंधरा लाखांचा हिशेब मांडू. बँकेच्या साठत्या ठेवीत ७ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे ६ लाख २२ हजार रुपये व्याज होतं. ज्येष्ठ नागरिक योजनेत दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. पाच वर्षांत असे वीस हप्ते, म्हणजे ६ लाख १५ हजार. इथेही बँकच सात हजारांनी पुढे दिसते आणि काउंटरवरचा कर्मचारी नेमका हाच कागद पुढे सरकवतो.

पण पोस्टातून आलेले ३०,७५० रुपये पाच वर्षं उशीखाली राहणार नाहीत. ते खर्च झाले, तर घर चाललं. बँकेच्या साठत्या ठेवीतून त्या काळात एक रुपयाही मिळाला नसता. आणि खर्च झाले नाहीत, तर ते कुठेतरी व्याज मिळवतील. अगदी आळस करून अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात पडू दिले, तरी पाच वर्षांनी हप्ते आणि त्यांवरचं व्याज मिळून साधारण ६ लाख ५३ हजार होतात. प्रत्येक हप्ता ६ टक्क्यांच्या ठेवीत टाकला, तर ७ लाख ११ हजार. म्हणजे बँकेपेक्षा जवळपास ८९ हजारांनी जास्त. फलकावर मोठा दिसणारा आकडा इथे दुसऱ्या क्रमांकावर जातो.

ज्याला व्याजावरच घर चालवायचं आहे, त्याच्यासाठी तुलना आणखी सोपी आहे. बँकेत तिमाही व्याज घेतलं, तर ७ टक्क्यांनी २६,२५० रुपये येतील. योजनेत ३०,७५०. दर तिमाहीला साडेचार हजारांचा फरक, वर्षाला अठरा हजारांचा. बँकेत दरमहा व्याज मागितलं, तर ८,७५० नव्हे, सुमारे ८,७०० रुपये मिळतात, कारण तिमाहीचं व्याज आधी दिल्याबद्दल बँक थोडी सूट कापून घेते. पन्नास रुपये काही मोठे नाहीत, पण पासबुक बघून गोंधळणारे पुष्कळ भेटतात.

दोन दरांमधली ही दरी कायम इतकी नसते. २०२५ च्या फेब्रुवारीत रेपो दर ६.५ टक्के होता. डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेने तो ५.२५ वर आणला आणि बँकांनी ठेवींचे दर भराभर उतरवले. अल्पबचतीचे दर अर्थ मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करतं आणि ज्येष्ठ नागरिक योजनेचा ८.२ टक्के दर एप्रिल २०२३ पासून २०२५ संपेपर्यंत जागचा हलला नाही. दर पडत असताना सरकारी योजना मागे राहते, ठेवीदाराच्या फायद्यात. दर चढत असतानाही ती मागेच राहते, तेव्हा मात्र तोट्यात. एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२२ या काळात योजनेचा दर ७.४ टक्के होता. त्या वेळी खातं उघडलेल्यांना पाचही वर्षं ७.४ च मिळत राहिले, शेजारी नव्या खात्याला ८.२ मिळू लागले तरी. खातं उघडलं त्या दिवशीचा दर मुदतीपुरता बांधलेला असतो, दोन्ही बाजूंनी. म्हणून खातं उघडण्याआधी चालू तिमाहीचा दर पोस्टात विचारून घ्यावा.

बँकवाल्याचा हुकमी मुद्दा असतो तो पैसे मोडण्याचा. ‘काका, तिथे पैसे अडकतील. आमच्याकडे कधीही मोडा.’ यात तथ्य आहे, पण सांगतात तितकं नाही.

योजनेतलं खातं एक वर्षाच्या आत बंद केलं, तर व्याज काहीच मिळत नाही आणि दिलेलं व्याजही मुद्दलातून वळतं होतं. एक ते दोन वर्षांत बंद केलं, तर मुद्दलाच्या दीड टक्का कापला जातो. दोन वर्षांनंतर एक टक्का. चौदा महिन्यांनी खातं मोडणाऱ्याचा हिशेब करून पाहिला, तर दीड टक्का गेल्यावरही त्याला वर्षाला सुमारे ६.९ टक्के पडलेले असतात. बँकेत पाच वर्षांची ठेव चौदा महिन्यांनी मोडली, तर पाच वर्षांचा दर मिळत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लावतात आणि बहुतेक बँका त्यातून आणखी अर्धा ते एक टक्का कापतात. म्हणजे पहिलं वर्ष ओलांडलं, की मोडण्याच्या बाबतीतही योजना फारशी मागे नाही.

अडचण वेगळीच आहे. योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत. खातं बंद करायचं ते पूर्ण. पंधरा लाखांचं एकच खातं असेल आणि दवाखान्यासाठी पाच लाख हवे असतील, तरी पंधरा लाखांवर दीड टक्का, म्हणजे साडेबावीस हजार जातात. हेच पैसे पाच-पाच लाखांच्या तीन खात्यांत ठेवले असते, तर एकच खातं मोडून साडेसात हजारांत भागलं असतं. एका माणसाने एकाहून अधिक खाती उघडायला मनाई नाही. सगळ्यांची मिळून मर्यादा ३० लाखांची आहे. नवरा-बायको दोघंही साठीपार असतील, तर प्रत्येकी ३० लाख. तरीही पाच-सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेच्या साध्या एफडीतच असावी, कारण तिच्यावर एका दिवसात कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मिळतो. योजनेचं खातं असं तारण ठेवता येत नाही.

पोस्टाच्या बाकीच्या योजनांत ज्येष्ठांना वेगळा दर नसतो, हेही इथे सांगायला हवं. पोस्टाची पाच वर्षांची मुदत ठेव २०२५ मध्ये ७.५ टक्के देत होती. पंचवीस वर्षांच्या तरुणालाही तेवढेच आणि पंच्याहत्तरीच्या आजोबांनाही तेवढेच. बँकेतला ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का धरूनही अनेक मोठ्या बँका त्या वर्षी तिथवर पोहोचत नव्हत्या. ‘ज्येष्ठांसाठी खास’ हे शब्द वाचून हुरळून जाण्याआधी खास नसलेल्या योजनेचा दर पाहिला तर बरं.

जोखीम हा विषय महाराष्ट्राला नव्याने शिकवायची गरज नसावी. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मुंबईच्या शाखांबाहेर रांगेत उभे असणाऱ्यांत निवृत्त लोक मोठ्या संख्येने होते. पुढे २०२२ च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांना उरलेले पैसे दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत मिळतील असं ठरलं. सत्तरीतल्या माणसासाठी दहा वर्षं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानेच जाणावं.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, पण एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच. सगळ्या शाखा एकत्र धरून आणि व्याजासकट. पाच लाख मुद्दल ठेवलं, तर व्याज विम्याबाहेर राहतं. साडेतीन-चार लाख ठेवले, तर साठणाऱ्या व्याजालाही जागा उरते. गावातल्या पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागूच नाही, तिथला दर नऊ टक्के असो वा दहा. पोस्टातल्या योजनेच्या मुद्दल-व्याजामागे केंद्र सरकार उभं असतं आणि तिथे पाच लाखांची मर्यादा नाही. बँकेच्या शाखेत उघडलेलं ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातंही सरकारचंच असतं, बँक फक्त ते सांभाळते.

प्राप्तिकराने या तुलनेत फारसा फरक पडत नाही. एफडीचं व्याज आणि योजनेचं व्याज, दोन्ही उत्पन्नातच धरलं जातं. फक्त साठत्या ठेवीतली एक गंमत लक्षात ठेवावी. व्याज हातात पाच वर्षांनी येतं, पण ते दरवर्षी जमा झालेलं मानून बँक टीडीएस कापू शकते. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी त्याची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये झाली. वरच्या उदाहरणातले १,२३,००० रुपये तिच्यावर जातात. म्हणून कर लागणारच नसेल, तर तसं घोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावं, मार्चमध्ये नव्हे.

आणि एक तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावी: खात्याची पाच वर्षं संपण्याची. ते आपोआप पुढे चालत नाही. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला, तर तीन वर्षांची वाढ मिळते, मुदत संपली त्या दिवशीच्या दराने. अर्ज राहून गेला, तर त्या पंधरा लाखांवर बचत खात्याचे ४ टक्के मिळतात.